दोन गोदामे, सहा डीलर आणि भाड्यातला फरक

निफाड तालुक्यात खतांचा, पशुखाद्याचा किंवा द्राक्षांच्या खोक्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या अनेकांना एकाहून अधिक ठिकाणी माल ठेवावा लागतो. पिंपळगाव बसवंतला मुंबई-आग्रा महामार्गालगत एक गोदाम आणि लासलगावला बाजारपेठेजवळ दुसरे, अशी मांडणी सोयीची पडते. डीलर मात्र ओझरपासून येवल्यापर्यंत पसरलेले असतात. कोणाला कोणत्या गोदामातून माल पाठवायचा हे रोज ठरवावे लागते आणि बहुतेक वेळा ते फोनवरच ठरते. ज्याची ऑर्डर आधी आली, त्याला जवळच्या गोदामातून गाडी निघते. महिनाअखेरीस वाहतुकीचे बिल जास्त आले, तरी कोणत्या खेपेत पैसे जास्त गेले ते वहीवरून कळत नाही, कारण प्रत्येक खेप सुटी पाहिली तर बरोबरच वाटते.

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न ‘ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम’ म्हणून शिकवतात. अमेरिकन गणिती फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये तो आजच्या रूपात मांडला. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या फेऱ्यांचा विचार करताना त्जालिंग कूपमन्स यांनीही त्यावर काम केले. त्यांना आणि रशियाच्या लिओनिद कांतोरोविच यांना १९७५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुस्तकात त्यासाठी लांबलचक तक्ते आणि एकापाठोपाठ दुरुस्त्या असतात. मात्र गोदामे दोनच असतील, तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. एक वजाबाकी आणि एक क्रमवारी एवढ्यावर सर्वांत स्वस्त आराखडा मिळतो. तो जवळपास स्वस्त नसतो, नेमका सर्वांत स्वस्त असतो. या लेखात तीच रीत एका उदाहरणातून पाहू.

आधी तक्ता नीट मांडा

एका मालाचा एक तक्ता करा. १०:२६:२६ च्या गोण्या आणि पोटॅशच्या गोण्या एकाच तक्त्यात मिसळू नका, कारण एकाची कमतरता दुसऱ्याने भरून निघत नाही. खताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासा. ज्या कृषी सेवा केंद्राच्या परवान्यावर त्या कंपनीचा ‘ओ फॉर्म’ चढलेला नाही, त्याला तो माल देता येत नाही. ते नाव तक्त्यातून आधीच काढा.

मग प्रत्येक डीलरपुढे तीन आकडे लिहा: त्याची मागणी टनांत, पिंपळगावहून प्रतिटन भाडे आणि लासलगावहून प्रतिटन भाडे. गोण्या ५० किलोच्या असतील तर २० गोण्यांचा एक टन होतो. खालचे आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या वहीतले आकडे घाला.

| डीलर | मागणी (टन) | पिंपळगावहून (रु./टन) | लासलगावहून (रु./टन) |
|---|---|---|---|
| निफाड | ३० | २४० | २६० |
| येवला | ४० | ५२० | ३०० |
| ओझर | ४० | १८० | ३९० |
| चांदवड | ३५ | ३४० | ३१० |
| विंचूर | २५ | ३३० | १३० |
| दिंडोरी | ५० | २९० | ४७० |

पिंपळगावच्या गोदामात १०० टन माल आहे आणि लासलगावच्या गोदामात १२०. एकूण मागणीही २२० टन आहे, म्हणजे सगळा माल जाणार.

नेहमीची रीत कुठे चुकते

सवयीप्रमाणे सर्वांत स्वस्त दर शोधून तिथून सुरुवात करू. विंचूरला लासलगावहून १३० रुपये, म्हणून २५ टन तिकडे. ओझरला पिंपळगावहून १८०, म्हणून ४० टन. त्यानंतर निफाडला पिंपळगावहून २४० आणि लासलगावहून २६० पडतात, म्हणून निफाडचे ३० टन साहजिकच पिंपळगावहून. आता पिंपळगावात उरले ३० टन आणि दिंडोरीची मागणी ५० टनांची आहे. दिंडोरीला ३० टन २९० रुपयांनी जातात आणि उरलेले २० टन लासलगावहून ४७० रुपयांनी पाठवावे लागतात. चांदवड आणि येवला पूर्ण लासलगावहून. या आराखड्याचे एकूण भाडे होते ५८,६०० रुपये.

यात प्रत्येक पाऊल शहाणपणाचे दिसते, पण निफाडला टनामागे २० रुपये वाचवण्याच्या नादात दिंडोरीला टनामागे १८० रुपये जास्त मोजले गेले. पिंपळगावचा माल मर्यादित आहे. तो ज्याला दिला त्याचे किती वाचले एवढेच पाहून भागत नाही, ज्याला मिळाला नाही त्याचे किती वाढले हेही पाहावे लागते. ऑर्डरीच्या क्रमाने गाड्या सोडल्या तरी हेच घडते. निफाडचा फोन सोमवारी आला आणि दिंडोरीचा बुधवारी, तर पिंपळगावचा माल निफाडला निघून गेलेला असतो.

वजाबाकी आणि क्रमवारी

आता दर बाजूला ठेवून दरांतला फरक काढा. प्रत्येक डीलरसाठी पिंपळगावच्या भाड्यातून लासलगावचे भाडे वजा करा. उत्तर उणे आले तर पिंपळगाव तितके स्वस्त, अधिक आले तर तितके महाग. मग सर्वांत उणे फरक वर आणि सर्वांत अधिक फरक खाली, अशा क्रमाने डीलर लावा.

| डीलर | मागणी (टन) | फरक (रु./टन) | पिंपळगावहून (टन) | लासलगावहून (टन) |
|---|---|---|---|---|
| ओझर | ४० | –२१० | ४० | ० |
| दिंडोरी | ५० | –१८० | ५० | ० |
| निफाड | ३० | –२० | १० | २० |
| चांदवड | ३५ | +३० | ० | ३५ |
| विंचूर | २५ | +२०० | ० | २५ |
| येवला | ४० | +२२० | ० | ४० |

पिंपळगावचे १०० टन यादीच्या वरच्या टोकापासून वाटत या. ओझरचे ४० आणि दिंडोरीचे ५० झाले की १० टन उरतात. ते निफाडला द्या. पिंपळगाव संपले. निफाडचे उरलेले २० टन आणि खालचे सगळे डीलर लासलगावच्या वाट्याला येतात. बेरीज १२० टन, म्हणजे तिथलाही माल बरोबर संपतो. या आराखड्याचे भाडे ५५,४०० रुपये. सवयीच्या रीतीपेक्षा ३,२०० रुपये कमी. हा फरक नेमका कुठून आला तेही दिसते: २० टन दिंडोरीकडे वळवून टनामागे १८० रुपये वाचले, तेवढेच २० टन निफाडकडून काढून टनामागे २० रुपये गेले, म्हणून २० गुणिले १६०.

याहून स्वस्त का होऊ शकत नाही

घटकाभर समजा की सगळाच माल लासलगावहून जातो. तक्त्यातल्या दरांनी त्याचे भाडे ७३,००० रुपये होईल. पण पिंपळगावचे १०० टन उचलायचेच आहेत, म्हणून १०० टन लासलगावऐवजी पिंपळगावहून वळवायचे. वळवलेल्या प्रत्येक टनाने भाडे किती बदलते? ज्या डीलरचा टन वळवला, त्याच्या फरकाइतके. ओझरचा टन वळवला की २१० रुपये घटतात, येवल्याचा वळवला की २२० वाढतात. मग वळवायला सर्वांत किफायती १०० टन कोणते, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर क्रमवारीच्या वरच्या टोकाचे १०० टन हेच असणार. ओझरचे ८,४००, दिंडोरीचे ९,०००, निफाडचे २०० मिळून १७,६०० रुपये वाचले. ७३,००० वजा १७,६०० म्हणजे ५५,४००. पडताळाही जमला.

यातूनच जुना आराखडा तपासायची कसोटी मिळते. पिंपळगावहून माल घेणाऱ्या कोणाही डीलरचा फरक, लासलगावहून घेणाऱ्या कोणाहीपेक्षा जास्त नसावा. तुमच्या वहीत एक जरी जोडी उलटी सापडली, तर तेवढ्यापुरती अदलाबदल करून पैसे वाचतात. आधीच्या आराखड्यात निफाड (–२०) पिंपळगावहून घेत होते आणि दिंडोरी (–१८०) लासलगावहून. उलटी जोडी हीच.

पुस्तकात ‘वायव्य कोपरा’ नावाची एक रीत शिकवतात. दरांकडे न पाहता तक्त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून माल वाटत जायचे. ती कच्ची रीत मानली जाते आणि एरवी तशी आहेही. पण दोन गोदामे असताना डीलर फरकाच्या क्रमाने लावले, तर तीच रीत सर्वांत स्वस्त उत्तर देते. वर आपण दुसरे काही केले नाही. यामागची कल्पना फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांच्या १७८१ सालच्या, माती वाहून नेण्यावरच्या लेखापर्यंत मागे जाते.

सीमेवरचा डीलर

आराखड्यात एकच डीलर दोन्ही गोदामांतून माल घेतो आहे: निफाड. त्याला सीमेवरचा डीलर म्हणू. त्याचा फरक, म्हणजे २० रुपये, हा या सगळ्या आकडेमोडीतला सर्वांत कामाचा आकडा आहे. लासलगावचा एक टन कमी होऊन पिंपळगावात एक टन जास्त असता, तर एकूण भाडे २० रुपयांनी घटले असते. म्हणून लासलगावचा माल पिंपळगावात हलवायचा विचार असेल, तर त्या हलवण्याचा खर्च टनामागे २० रुपयांच्या आत हवा. दोन वेळची हमाली धरली तर ते शक्यच नाही. तो विचार सोडा.

मात्र कंपनीची गाडी अजून उतरायची असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा हलवण्याचा खर्च नसतो, कुठे उतरवायचे एवढेच ठरवायचे असते. दोन्ही गोदामांत माल उतरवण्याचा खर्च सारखा असेल, तर पिंपळगावचा साठा १२० आणि लासलगावचा १०० होईपर्यंत पिंपळगावला उतरवणे फायद्याचे आहे. त्यापुढे निफाड पूर्ण भागते आणि चांदवडची पाळी येते. तिथे पिंपळगाव टनामागे ३० रुपयांनी महाग पडते. उलट पिंपळगावचा साठा ९० टनांखाली गेला, तर दिंडोरीचा माल लासलगावहून पाठवावा लागतो आणि कमी पडलेल्या प्रत्येक टनाला १८० रुपये जास्त लागतात. थोडक्यात, या डीलरांसाठी पिंपळगावातला साठा ९० टनांच्या खाली उतरू नये, एवढी एक रेघ वहीत ओढून ठेवली तरी बरेच काम होते.

कोणता खर्च दरात धरायचा

दर म्हणजे निव्वळ भाडे की हमाली, टोल, वाराई धरून? डीलरच्या दारातली उतराई दोन्ही दरांत सारखीच असते, त्यामुळे वजाबाकीत ती उडून जाते. गोदामातली भराई एका गोदामात १५ रुपयांनी जास्त असेल, तर सगळ्यांचा फरक सारखाच १५ ने बदलतो, पण क्रम तोच राहतो. दोन्ही गोदामांतला सगळा माल जाणार असेल, तर आराखडा बदलत नाही. वाटेनुसार बदलणारा खर्च मात्र नक्की धरा. महामार्गावर पिंपळगाव आणि चांदवड भागात टोलनाके आहेत. तुमच्या गाडीच्या वाटेत कोणता नाका येतो ते गोदामाप्रमाणे आणि डीलरप्रमाणे बदलते, म्हणून टोल टनावर विभागून त्या दरात मिळवा.

दर स्थिरही नसतात. द्राक्षांच्या हंगामात गाड्या मिळत नाहीत, कांद्याची आवक वाढली की भाडे चढते. उलट बाजारात कांदा उतरवून रिकामे परतणारे पिकअप कमी भाड्यात मिळू शकतात. दर बदलला की सगळे पुन्हा करायचे का? फरकांची यादी पाहा. ओझर, दिंडोरी, विंचूर, येवला यांचे फरक १८० किंवा त्याहून जास्त आहेत. दरात थोडा चढउतार झाला तरी त्यांची जागा हलणार नाही. हलू शकते ते निफाड आणि चांदवड. परतीच्या गाडीमुळे पिंपळगाव-चांदवड दर ३४० वरून २८० झाला, तर चांदवडचा फरक –३० होतो आणि ते निफाडच्या वर जाते. मग पिंपळगावचे उरलेले १० टन चांदवडला द्यायचे आणि निफाड पूर्ण लासलगावहून. आधीच्या आराखड्यावर राहण्यापेक्षा यात वाचतात १०० रुपये. त्यासाठी ठरलेल्या गाड्या फिरवाव्या लागत असतील, तर जुनाच आराखडा राहू द्या.

माल जास्त किंवा कमी असेल तर

साठा मागणीपेक्षा जास्त असेल, तर यादीत ‘शिल्लक’ नावाचा एक डीलर घाला. त्याची मागणी म्हणजे जास्तीचा माल, दोन्ही दर शून्य, म्हणून फरकही शून्य. तो निफाड आणि चांदवडच्या मध्ये बसतो. पिंपळगावात १३० आणि लासलगावात १२० टन असतील, तर शिल्लक ३० टनांची. पिंपळगावचे १३० टन ओझर, दिंडोरी आणि निफाडला पूर्ण देऊन १० टन तिथेच राहतात, लासलगावात २० टन उरतात. इथे मात्र भराईतला फरक महत्त्वाचा ठरतो, कारण जो माल हलत नाही त्याला भराई लागत नाही. म्हणून शिल्लक असताना भराई प्रत्यक्ष डीलरांच्या दरांत मिळवा, ‘शिल्लक’च्या दरात नाही.

माल कमी असेल, तर कोणाला किती कमी द्यायचे हे भाड्यावर सोडू नका. निव्वळ भाडे पाहिले तर ज्याचे भाडे जास्त, तो डीलर कायम उपाशी राहील. आधी व्यवहार पाहून प्रत्येकाचा कोटा ठरवा आणि मग त्या कोट्यावर ही रीत चालवा.

टन आणि गाडी

टनाचा दर गाडी पूर्ण भरली तरच खरा. समजा गाडी १० टनांची आहे. चांदवडचे ३५ टन म्हणजे तीन गाड्या भरून, चौथी अर्धी. वाहतूकदाराने चौथ्या गाडीचेही पूर्ण भाडे लावले, तर १,५५० रुपये जास्त जातात. विंचूरच्या अर्ध्या गाडीचे आणखी ६५०. दोन्ही मिळून २,२०० रुपये, म्हणजे आराखड्याने वाचवलेल्या ३,२०० मधले बहुतेक गेले. म्हणून आराखडा करण्याआधी डीलरशी बोलून मागणी ३० किंवा ४० टनांची करून घ्या किंवा तेवढ्यासाठी पाच टनांची गाडी ठरवा.

मागणी आणि साठा दोन्ही पूर्ण गाड्यांत मोजता आले, तर टनांऐवजी गाड्यांत हिशेब करा. या रीतीत साठा आणि मागणी पूर्णांकात असली की उत्तरही पूर्णांकातच येते. निफाडच्या तीन गाड्यांपैकी एक पिंपळगावहून, दोन लासलगावहून. अर्धी गाडी कुठेही निघत नाही.

स्प्रेडशीटवर

एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये पहिल्या ओळीत शीर्षके द्या. A मध्ये डीलर, B मध्ये मागणी, C मध्ये पिंपळगावचा दर, D मध्ये लासलगावचा. पिंपळगावचा साठा H1 मध्ये लिहा. E2 मध्ये फरकाचे सूत्र देऊन खाली ओढा आणि A ते E स्तंभ E प्रमाणे चढत्या क्रमाने लावा. त्यानंतरच F आणि G ची सूत्रे भरा:

```
E2: =C2-D2
F2: =MAX(0,MIN(B2,$H$1-SUM(F$1:F1)))
G2: =B2-F2
H2: =SUMPRODUCT(F2:F7,C2:C7)+SUMPRODUCT(G2:G7,D2:D7)
```

F1 मध्ये शब्दांत शीर्षक असू द्या, तिथे आकडा टाकलात तर तो पिंपळगावच्या वाटपात मोजला जाईल. F मध्ये पिंपळगावचे वाटप, G मध्ये लासलगावचे आणि H2 मध्ये एकूण भाडे दिसेल. शेवटी G ची बेरीज लासलगावच्या साठ्याइतकी आली का ते पाहा. जास्त आली तर मागणीच साठ्याहून मोठी आहे, कमी आली तर ‘शिल्लक’ची ओळ राहून गेली आहे. दर बदलला तर क्रमवारी पुन्हा लावल्याशिवाय उत्तरावर विसंबू नका.

दर वाहतुकीचेच असल्यामुळे फरकांची यादी प्रत्येक खतासाठी वेगळी करावी लागत नाही. यादी एकच, फक्त प्रत्येक मालाचा साठा आणि मागणी घालून वाटप वेगळे काढा.

तिसरे गोदाम उघडले, समजा सिन्नरला, तर ही वजाबाकी पुरत नाही, कारण फरक कोणत्या दोन गोदामांमधला घ्यायचा हेच ठरत नाही. तेव्हा व्होगेलच्या रीतीने सुरुवातीचा आराखडा काढून ‘मोडी’ पद्धतीने तपासावा लागतो किंवा स्प्रेडशीटमधल्या Solver कडे काम सोपवावे लागते. त्यात एकूण भाडे कमीत कमी हे उद्दिष्ट, प्रत्येक गोदामातून साठ्याहून जास्त नाही आणि प्रत्येक डीलरला मागणीइतके, या दोन अटी आणि वाटप शून्याखाली नको ही तिसरी, एवढे सांगितले की पुरते. दोन गोदामांपर्यंत मात्र फरकाची यादी गोदामाच्या भिंतीवर लावून ठेवा आणि ऑर्डर घेणाऱ्या माणसाला एकच सूचना द्या: पिंपळगावचा माल ओझर आणि दिंडोरीसाठी राखून मगच निफाडला हो म्हणायचे.